जेवणानंतरची पंधरा मिनिटं: चालल्यावर साखर नेमकी जाते कुठे?

रात्रीच्या जेवणाचं एक साधं ताट घेऊ. दोन पोळ्या, वाटीभर भात, तुरीची आमटी, गवारीची भाजी, लिंबाची फोड. गोडाचं काहीच नाही. तरीही कर्बोदकांचा हिशेब मांडला, तर दोन पोळ्यांतून साधारण ४० ग्रॅम, भातातून ४०, आमटीतून १२ आणि भाजीतून सात-आठ ग्रॅम पोटात जातात. सगळे मिळून १०० ग्रॅमच्या आसपास. पचन झालं की यातल्या बहुतेक भागाचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं.

आता रक्ताकडे बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. तपासणीच्या कागदावर साखर १०० लिहिलेली असते, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. एका लिटरमध्ये एक ग्रॅम आणि पाच लिटरमध्ये पाच ग्रॅम. एक छोटा चमचा साखर, एवढीच साखर एका वेळी आपल्या रक्तात फिरत असते. आणि एका जेवणातून त्याच्या वीसपट साखर पुढच्या तीन-चार तासांत याच रक्तातून वाहून जायची असते.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं हे आहे. टाकी लहान, वरून येणारा नळ मोठा. पाण्याची पातळी किती चढेल हे एकूण किती पाणी येणार यापेक्षा, येणारं पाणी आणि बाहेर जाणारं पाणी यांच्या वेगांतल्या फरकावर ठरतं. जेवणानंतर चालण्याचा सगळा खेळ या बाहेर जाण्याच्या वेगाचा आहे. पंधरा मिनिटांत ‘किती कॅलरी जळल्या’ हा प्रश्न इथे दुय्यम आहे. साखर येत असतानाच ती उचलणारं कुणी जागं आहे का, हा खरा प्रश्न.

स्नायूंची दुसरी वाट

जेवणातून आलेली साखर उचलणारे मुख्य गिऱ्हाईक दोन: यकृत आणि स्नायू. त्यातही स्नायूंचा वाटा मोठा. पण ग्लुकोज स्नायूच्या पेशीत आपोआप शिरत नाही. त्याला आत नेणारी खास प्रथिनं असतात, त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्लूट-४. ही प्रथिनं एरवी पेशीच्या पोटात, बारीक पिशव्यांमध्ये पडून असतात. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, ते पेशीच्या पृष्ठभागावर येऊन खूण करतं, आणि मग या पिशव्या वर येऊन पृष्ठभागाला चिकटतात. ग्लूट-४ बाहेर आलं की साखर आत जायला लागते.

टाइप २ मधुमेहात बिघाड इथे होतो. इन्सुलिन असतं, बऱ्याचदा सुरुवातीच्या वर्षांत भरपूरही असतं, पण पेशी त्या खुणेला नीट दाद देत नाहीत. पिशव्या कमी संख्येने आणि उशिरा वर येतात. यालाच इन्सुलिनचा अवरोध म्हणतात. त्यात भर म्हणजे यकृत. निरोगी माणसात जेवण झालं की यकृत स्वतःची साखर रक्तात सोडणं जवळपास थांबवतं. मधुमेहात ते पुरेसं थांबत नाही. येणारी साखर जास्त आणि उचलली जाणारी कमी, असा दोन्हीकडून मार.

पण स्नायूला ग्लूट-४ वर आणायची दुसरीही वाट आहे आणि तिला इन्सुलिनची खूण लागत नाही. स्नायू आकुंचन पावला की पेशीच्या आत कॅल्शियम सुटतं, ऊर्जा खर्च व्हायला लागते, आणि ऊर्जा कमी पडत असल्याचा संदेश पेशीतल्या पेशीत फिरतो. त्या संदेशानेही त्याच पिशव्या वर येतात. महत्त्वाचं असं की इन्सुलिनची वाट बोथट झालेल्या मधुमेही माणसातही ही आकुंचनाची वाट बऱ्यापैकी शाबूत राहते. शिवाय चालताना पोटऱ्या, मांड्या आणि कुल्ल्यांच्या स्नायूंकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे साखर त्यांच्यापर्यंत जास्त प्रमाणात पोचते. पायांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. ते कामाला लागले की साखरेच्या बाहेर जाण्याचा वेग लक्षात येईल इतका वाढतो.

किती वाढतो, याचा ढोबळ हिशेब करता येतो. ६५ किलो वजनाचा माणूस सपाटीवर मध्यम गतीने पंधरा मिनिटं चालला, तर साधारण ५० कॅलरी खर्च होतात. वजन उतरवण्याच्या दृष्टीने हे काहीच नाही, एका पोळीएवढंसुद्धा नाही. पण त्यातला निम्मा खर्च साखरेतून भागला असं धरलं, तर सहा ग्रॅम ग्लुकोज वापरलं गेलं. आणि रक्तात एका वेळी असते पाच ग्रॅम. म्हणजे खर्चलेली साखर ताटातल्या १०० ग्रॅमच्या मानाने चिमूटभर असली, तरी त्या घडीला रक्तात असलेल्या साखरेच्या मानाने ती मोठी आहे.

यावरून कुणी असं समजू नये की सहा ग्रॅम गेले म्हणजे रक्तातली साखर शून्यावर येईल. ग्लुकोज फक्त रक्तात नसतं, पेशींच्या भोवतालच्या पाण्यातही पसरलेलं असतं. स्नायू थोडी साखर स्वतःच्या साठ्यातूनही वापरतात, आतड्यातून नवी साखर येतच असते आणि यकृतही आपल्या परीने तोल सांभाळत असतं. प्रत्यक्षात दिसतं ते इतकंच की साखरेचा जो डोंगर तासा-दीड तासाने उभा राहायचा, त्याचा माथा खाली येतो.

हाच हिशेब उलटाही वाचावा. ‘आज चालणार आहे’ म्हणून ताटात दोन गुलाबजाम जास्त घेतले, तर पाकासकट ४० ते ५० ग्रॅम साखर सहज वाढते. पंधरा मिनिटांचं चालणं ती भरून काढू शकत नाही. चालणं हे नेहमीच्या ताटासाठी आहे, वाढीव ताटाची परवानगी म्हणून नाही.

वेळ चुकली की फायदा निम्मा

पहिला घास घेतल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत साखर चढायला लागते. निरोगी माणसात ती साधारण ३० ते ६० मिनिटांत माथ्यावर पोचते, मधुमेहात बहुधा ६० ते ९० मिनिटांत, कधी त्याहून उशिरा. चालणं या चढणीवर पडलं पाहिजे. सकाळी सहाला रिकाम्या पोटी चांगलं तासभर फिरून आलेल्या माणसाची रात्रीच्या जेवणानंतरची साखर मात्र तशीच चढलेली दिसते, आणि तो बुचकळ्यात पडतो. सकाळच्या चालण्याचे हृदयाला, वजनाला, रक्तदाबाला फायदे आहेतच. दीर्घ व्यायामामुळे स्नायू पुढचे बरेच तास इन्सुलिनला थोडे अधिक दाद देतात, हेही खरं. पण आकुंचनाच्या वाटेने वर आलेलं ग्लूट-४ चालणं थांबल्यावर काही तासांत पुन्हा आत जातं. रात्री नऊच्या भातासाठी सकाळी सहाचं चालणं फारसं उरत नाही.

हा फरक अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये फार नेटकेपणाने दाखवला. साठीच्या पुढची, बैठी जीवनशैली असलेली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची दहा माणसं त्यांनी घेतली. एका वेळी त्यांना सकाळी सलग ४५ मिनिटं चालवलं, एका वेळी दुपारनंतर सलग ४५ मिनिटं, आणि एका वेळी तेच ४५ मिनिटांचे तीन तुकडे करून प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या तासाने पंधरा-पंधरा मिनिटं. एकूण चालणं तिन्ही वेळा सारखंच. दिवसभराची सरासरी साखर सकाळच्या चालण्यानेही सुधारली. पण रात्रीच्या जेवणानंतरच्या तीन तासांतली साखर लक्षणीय खाली आली ती फक्त तुकड्या-तुकड्याने चालण्यामुळे.

दहा माणसं म्हणजे फार छोटा अभ्यास, हे कबूल केलं पाहिजे. पण २०१६ मध्ये न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर असाच प्रयोग केला, तोही प्रयोगशाळेत नाही तर त्यांच्या रोजच्या आयुष्यात. दोन आठवडे ‘दिवसात कधीही ३० मिनिटं चाला’ असा सल्ला, आणि दोन आठवडे ‘प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला’ असा सल्ला. जेवणानंतर चालण्याच्या काळात जेवणानंतरची साखरेची चढ सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

रात्रीचाच आकडा इतका मोठा का? कारण बहुतेकांचं तेव्हाचं जेवण कर्बोदकांनी भरलेलं असतं आणि त्यानंतरची हालचाल सगळ्यात कमी. आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. लोकल पकडून घरी पोचेपर्यंत साडेआठ, जेवायला साडेनऊ-दहा, मग सोफा आणि अकराला अंथरूण. शिवाय शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसाच्या घड्याळाप्रमाणे बदलते. तेच ताट सकाळी खाल्लं तर साखर कमी चढते, रात्री खाल्लं तर जास्त. म्हणून दिवसात एकच वेळ साधणार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ती रात्रीच्या जेवणानंतरची असावी.

शतपावलीची आपली जुनी सवय त्यामुळे वेळेच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. कमी पडते ती लांबी. अंगणात किंवा गॅलरीत दोन-तीन मिनिटं रेंगाळून आत येणं म्हणजे चालण्याची सुरुवात, तिथून पुढे अजून आठ-दहा मिनिटं हवीत. आणि दुपारी वामकुक्षीची सवय असेल, तर आधी चालणं आणि मग आडवं होणं, हा क्रम ठेवावा.

कसं आणि किती

हात धुतले, ताट उचलून ठेवलं, की निघावं. फार उशीर म्हणजे जेवण संपल्यापासून अर्धा तास. गती अशी असावी की सोबतच्या माणसाशी बोलता येईल पण गाणं म्हणायला दम पुरणार नाही. पावलांत सांगायचं तर मिनिटाला शंभरच्या आसपास. दहा मिनिटांत हजार पावलं, पंधरात दीड हजार. गुडघे दुखत असतील आणि एवढी गती जमत नसेल, तर हळू चालल्यानेही उपयोग होतो. आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाने २०२२ मध्ये सात अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा बसण्याच्या काळात अधूनमधून दोन ते पाच मिनिटं हलकं चालल्यानेही साखर नुसतं बसून राहण्यापेक्षा कमी राहिली. नुसतं उभं राहिल्यानेही थोडा फरक पडला, पण चालण्याइतका नाही.

यात घरातल्या बायकांच्या बाबतीत एक गोष्ट सुटते. स्वयंपाक करणारी बाई बहुधा सगळ्यांत शेवटी जेवते आणि मग ओट्यापाशी अर्धा तास मागचं आवरते. ‘माझं होतं की उभ्याने काम, मला वेगळं चालायची काय गरज?’ हा प्रश्न रास्त आहे. पण भांडी घासताना किंवा ओटा पुसताना पाय एका जागी असतात आणि मोठे स्नायू जवळपास स्वस्थ असतात. बसण्यापेक्षा ते बरं, चालण्याइतकं नाही. भांडी पंधरा मिनिटं थांबू शकतात किंवा दुसऱ्या कुणी घासू शकतं. साखर मात्र थांबत नाही. तिने जेवल्याबरोबर चालायला जावं आणि घरच्यांनी तेवढ्या वेळात ओटा आवरावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

जागेची अडचण खरी असते. पावसाळ्यात, अंधाऱ्या गल्लीत, भटकी कुत्री असलेल्या रस्त्यावर रात्री दहाला बाहेर पडणं सगळ्यांना जमत नाही. इमारतीचा पॅसेज, गच्ची, पार्किंग, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या फेऱ्या, सगळं चालतं. स्नायूला रस्ता आणि फरशी यांतला फरक कळत नाही. फक्त खोली लहान असेल तर सतत वळावं लागतं आणि गती आपोआप कमी होते, तेव्हा दहाऐवजी पंधरा मिनिटं धरावीत.

जास्त जोर लावण्यात मात्र फायदा नाही. भरल्या पोटी पळणं किंवा धाप लागेपर्यंत चालणं यामुळे पोटात कळ येते, आंबट ढेकर येतात. शिवाय कष्टाचा व्यायाम सुरू झाला की अॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं यकृताला साखर सोडायला सांगतात. काहींची साखर त्यामुळे तात्पुरती चढलेलीही दिसते. ‘जेवल्यावर चाललं की पचन बिघडतं’ ही भीती अशा जोराच्या श्रमाबाबत थोडीफार खरी आहे, पण रमतगमत ते मध्यम चालण्याबाबत ती खरी नाही.

आपल्यावर परिणाम होतो का, हे तपासायचं कसं

सरासरी १२ टक्के म्हणजे कुणाची साखर खूप उतरली, कुणाची जेमतेम. आपण कशात बसतो हे घरच्या ग्लुकोमीटरने कळू शकतं, पण मोजमाप नीट केलं तरच.

समजा, ५८ वर्षांच्या एक बाई आहेत. मधुमेह सहा वर्षांचा, गोळी फक्त मेटफॉर्मिन. त्या सोमवारी रात्री वर सांगितलेलं ताट जेवतात आणि नेहमीप्रमाणे बसून राहतात. जेवणाआधी साखर ११८, पहिल्या घासापासून एका तासाने २१२, दोन तासांनी १८६. बुधवारी तेच ताट, त्याच वेळी, तेवढ्याच पोळ्या आणि त्याच वाटीने भात. फरक इतकाच की जेवण संपल्यावर दहा मिनिटांनी त्या पंधरा मिनिटं चालल्या. या वेळी जेवणाआधी १२२, तासाने १८४, दोन तासांनी १६८. नुसते वरचे आकडे न पाहता चढ किती झाली ते काढावं. सोमवारी एका तासात ९४ ने चढली, बुधवारी ६२ ने. चढ ३२ ने कमी.

पण या एकाच जोडीवर विश्वास ठेवू नये. चांगल्या ग्लुकोमीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. खरी साखर २०० असेल तर यंत्र १७० ते २३० मधलं काहीही दाखवू शकतं आणि तरी ते नियमात बसतं. म्हणून अशा दोन-तीन जोड्या घ्याव्यात. प्रत्येक वेळी फरक त्याच दिशेने येत असेल तर तो खरा. एकदा ३० ने कमी, एकदा १० ने जास्त, असं येत असेल तर अजून काही म्हणता येत नाही.

चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. तास मोजायचा तो पहिल्या घासापासून, जेवण संपल्यापासून नव्हे. लोक सर्रास उलटं करतात आणि माथा निसटतो. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायचे, कारण आंब्याचा रस किंवा गुळाचा अंश बोटाला राहिला तर आकडा उगाच फुगतो. आणि तिसरी चूक जरा बारीक आहे. चालून आल्या आल्या लगेच मोजलं तर आकडा सुखावह दिसतो, पण चालणं थांबल्यावर उरलेली साखर येतच असते, त्यामुळे ती पुन्हा थोडी चढू शकते. म्हणून दोन तासांचा आकडाही घ्यायचाच. दंडावर चिकटवायचं सतत साखर मोजणारं यंत्र असेल तर पूर्ण वक्र दिसतो, फक्त ते रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतं हे लक्षात ठेवावं.

बहुतेक मधुमेही प्रौढांसाठी जेवणानंतर एक ते दोन तासांनी साखर १८० च्या आत असावी, असं धरलं जातं. आपल्या उदाहरणातल्या बाई बुधवारी एका तासाला त्या रेषेच्या किंचित वर आणि दोन तासांना खाली आहेत. त्यांनी भाताची वाटी अर्धी केली आणि चालणं ठेवलं, तर तासाचाही आकडा आत येण्याची चांगली शक्यता आहे.

चालण्याने जे होत नाही

एखाद्याची उपाशीपोटीचीच साखर १९० असेल, तर जेवणानंतरच्या चालण्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. उपाशीपोटीची साखर मुख्यतः यकृत रात्रभर किती साखर सोडतं यावर ठरते, आणि रात्री दहाला पंधरा मिनिटं चालून पहाटे पाचचं यकृत बदलत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी या दोन्हींची बेरीज असते. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एचबीए१सी ७ च्या आसपास असलेल्यांमध्ये जेवणानंतरच्या चढींचा वाटा मोठा असतो, आणि ती १० च्या वर गेली की उपाशीपोटीच्या साखरेचा वाटा वरचढ होतो. यावरून व्यवहारात इतकं घ्यावं: मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना, किंवा उपाशीपोटीची साखर बरी पण जेवणानंतरची चढती असलेल्यांना या चालण्याचा सगळ्यात जास्त उपयोग. ज्यांची सगळीच साखर चढलेली आहे त्यांनी चालावं जरूर, पण औषध वाढवण्याचं काम चालण्यावर ढकलू नये.

आणखी एक मर्यादा. प्रत्येक चालणं त्या-त्या जेवणापुरतं असतं. आज रात्री चाललात म्हणून उद्याच्या पोह्यांना सूट मिळत नाही.

आता सावधगिरीचं. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांना जेवणानंतर चालून साखर धोकादायक खाली जाण्याची भीती फारशी नसते. पण इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांना ती असते. या गोळ्या बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत एकत्र असतात, त्यामुळे आपण त्या घेतो हेच अनेकांना माहीत नसतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. जेवणाआधीचं इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चाललं, तर हलत्या स्नायूंजवळून ते जास्त वेगाने शोषलं जाऊ शकतं. अशांनी टोचण्याची जागा डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

चालताना घाम फुटला, हात थरथरले, छाती धडधडली, एकदम खा-खा सुटली किंवा डोकं सुन्न झालं, तर थांबून साखर मोजावी. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्रच जवळ नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि मग काहीतरी खावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. यात एक खाच आहे. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर कामाला उशीर लावते, कारण ही औषधं साखर फोडणाऱ्या आतड्यातल्या विकरांनाच अडवतात. अशांनी खिशात ग्लुकोज पावडरची पुडी ठेवावी, साधी साखर नाही.

पायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे अशांनी गच्चीवर किंवा घरातही अनवाणी फेऱ्या मारू नयेत. खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम आठवड्याने लक्षात येते. बंद, सैल बूट घालावेत, आणि चालून आल्यावर तळवे दिव्याखाली बघावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघावं.

वय सत्तरच्या पुढे असेल तर जेवणानंतर रक्तदाब घसरून चक्कर येण्याचा प्रकार काहींना होतो, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना. त्यांनी जेवल्याबरोबर झटकन उठू नये. पाच मिनिटं बसून, भिंतीचा किंवा कुणाचा आधार घेऊन फेऱ्या सुरू कराव्यात. आणि भरल्या पोटी चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं जाणवलं, तर ते ‘गॅस’ समजून चालत राहू नये. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असलेल्यांना जेवणानंतरच्या श्रमाने हे दुखणं लवकर येतं. तिथेच थांबावं. पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णालय, आणि थांबलं तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

चालणं सुरू करून दोन-तीन आठवडे झाले की घेतलेल्या आकड्यांच्या जोड्या कागदावर लिहून पुढच्या भेटीत दाखवाव्यात. तारीख, ताटात काय होतं, आधीची साखर, एका तासाची, दोन तासांची, आणि चाललात की नाही. ग्लिमेपिराइड चालू असताना रात्रीचे आकडे वारंवार ९० च्या खाली येऊ लागले असतील, तर डॉक्टर त्या गोळीचा डोस कमी करायचा विचार करू शकतात. हा निर्णय आपण घरी बसून घ्यायचा नाही, पण तो घेण्यासाठी त्यांना जी माहिती लागते ती या कागदावरच असते.